जर्नलातला फ्लोचार्ट आणि सोसायटीचं व्याज

मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजातलं प्रोग्रॅमिंगचं जर्नल उघडा. प्रत्येक प्रयोगाला तोच क्रम असतो: उद्दिष्ट, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आउटपुट, निष्कर्ष. कागदावर हे फार शिस्तीचं दिसतं. आधी विचार, मग चित्र, मग कोड. प्रत्यक्षात मुलं लॅबमध्ये बसली की थेट कोड टाइप करायला घेतात, आउटपुट बरोबर आलं की स्क्रीनशॉट काढतात, आणि जर्नल सर्टिफाय करून घ्यायची वेळ आली की चालत्या प्रोग्रॅमवरून उलटा फ्लोचार्ट काढतात. वर्गातली एखादी नीटनेटकी मुलगी काढते, बाकीचे उतरवून घेतात. विरार लोकलमध्ये मांडीवर जर्नल ठेवून पट्टीने चौकोन काढणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही. त्यांच्याकडून मागितलंच आहे चित्र. चित्र ते देतात.

माझं म्हणणं असं, की हा सक्तीचा फ्लोचार्ट जर्नलातून काढून टाकावा. आणि ज्या कामासाठी तो कधीकाळी तिथे आला होता, ते काम मात्र आजच्यापेक्षा जास्त कडकपणे मागावं: मशीनसमोर बसण्याआधी, विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत, साध्या पायऱ्यांत. ही दोन विधानं एकमेकांच्या विरोधात वाटतील. ती तशी का नाहीत ते एका उदाहरणावरून दाखवतो. उदाहरण मुंबईकराला जवळचं आहे, कारण त्याचं बिल दर महिन्याला दाराखालून आत येतं.

बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट लागतो. दरवर्षी त्यात दोन-तीन तरी 'सोसायटी मेंटेनन्स बिलिंग' असतातच. विषय सोपा वाटतो, घरातला वाटतो, आणि सोसायटीतले कोणी ना कोणी काका खजिनदार असतात, त्यामुळे माहितीही मिळते. बिल म्हणजे बेरीज. एकच जागा जरा नाजूक: थकबाकीवरचं व्याज. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या 2014 च्या आदर्श उपविधींत याबद्दल दोन गोष्टी आहेत. व्याजाचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण तो वर्षाला 21 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. आणि हे व्याज सरळ असतं, चक्रवाढ नाही.

आपण एक सोसायटी धरू. मेंटेनन्स महिन्याला 4,000 रुपये. बिल 1 तारखेला निघतं, भरायची मुदत महिनाअखेर. सभेने दर ठरवलाय वर्षाला 18 टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. एका सदनिकेने एप्रिलपासून पैसे भरलेले नाहीत. विद्यार्थी कीबोर्डवर बसतो आणि त्याच्या मनात पहिल्यांदा येतं ते लिहितो:

```python
thakbaki = thakbaki + thakbaki * 0.015 + bill
```

एक ओळ, आणि वाचायलाही सुटसुटीत. आधीची थकबाकी, त्यावर दीड टक्का, त्यात नवं बिल. तो चालवून बघतो. एप्रिलचं बिल 4,000, व्याज शून्य. बरोबर. 1 मेला व्याज 60, एकूण 8,060. तेही बरोबर. दोन महिने तपासून झाले, आउटपुट आलं, स्क्रीनशॉट निघाला. पुढे काय होतं? 1 जूनला हा प्रोग्रॅम व्याज लावतो 120 रुपये 90 पैसे. यायला हवं होतं 120. नव्वद पैसे जास्त आले, कारण मे महिन्याचं 60 रुपये व्याज थकबाकीत मिसळलं आणि आता त्याच्यावरही व्याज बसलं. साठ रुपयांचा दीड टक्का म्हणजे नव्वद पैसे.

या नव्वद पैशांवर मी जरा थांबणार आहे. प्रोग्रॅम थांबला नाही, लाल अक्षरांत काही आलं नाही, आकडा विचित्र दिसला नाही. पहिल्या दोन महिन्यांत तर चूक दिसणं शक्यच नव्हतं, कारण व्याजावर व्याज लागायला आधी व्याज साठावं लागतं. वर्षभर न भरणाऱ्या सदनिकेचं बारा बिलांपर्यंतचं सरळ व्याज होतं 3,960 रुपये. ही एक ओळ काढते सुमारे 4,165. दोनशे पाच रुपयांचा फरक कोणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि जो वर्षभर भरत नाही त्याची तक्रार ऐकायला कमिटी उत्सुकही नसते. छत्तीस बिलं थकली तर सरळ व्याज 37,800 आणि प्रोग्रॅमचं सुमारे 45,104. आता फरक सात हजारांवर गेला. एवढ्यात प्रकरण वसुलीसाठी निबंधक कार्यालयात गेलेलं असतं, समोरची बाजू हिशोब मागते, आणि सोसायटीच्या वकिलाला कळतं की आपलं व्याज उपविधींत बसत नाही.

आता तोच विद्यार्थी कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत काय लिहील? 'व्याज काढ, बिलात मिळव' असं लिहून भागत नाही. ती पायरी नव्हे, ती इच्छा झाली. पायरी खरी आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी अशी: हिशोब येणाऱ्या पण कोड न येणाऱ्या माणसाच्या हातात कागद आणि कॅल्क्युलेटर द्यायचा. त्याने एकही प्रश्न न विचारता आकडा काढला पाहिजे. तो अडखळला तर तिथली पायरी अजून लिहायची आहे. 'व्याज काढ' वाचून कोणीही खजिनदार पहिला प्रश्न विचारेल, 'कशावर?'

त्या एका प्रश्नाने काम होतं. उत्तर आहे 'मुद्दलावर', म्हणजे मुद्दल वेगळं ठेवलं पाहिजे, म्हणजे `thakbaki` नावाचा एक डबा पुरत नाही, दोन लागतात. चक्रवाढीची चूक व्याजाच्या सूत्रात नव्हतीच. ती डब्यांच्या संख्येत होती. आणि एकच डबा हे कोड लिहिताना इतकं सहज घडतं, की त्याला आपण निर्णय म्हणतच नाही. वहीत मात्र तो निर्णय म्हणून समोर येतो. पायऱ्या अशा होतात:

```
दर महिन्याच्या 1 तारखेला, प्रत्येक सदनिकेसाठी:
    जर मुद्दल > 0 असेल तर
        नवे_व्याज = मुद्दल × 1.5 ÷ 100
    नाहीतर
        नवे_व्याज = 0
    व्याज = व्याज + नवे_व्याज
    मुद्दल = मुद्दल + या महिन्याचे बिल
    मुद्दल आणि व्याज वेगवेगळे छाप
```

याच्या शेजारी एक छोटा तक्ता आखायचा. स्तंभ चार: महिना, नवे व्याज, साठलेले व्याज, मुद्दल. एप्रिल: 0, 0, 4,000. मे: 60, 60, 8,000. जून: 120, 180, 12,000. ओळी तीनच, पण तीन हव्यात. दोन ओळींत चक्रवाढीची चूक दिसत नाही हे आपण वर पाहिलंच. किती ओळी भरायच्या हे समस्येवरून ठरतं: जी चूक शोधायची तिला उघडं पडायला किती फेऱ्या लागतात, तेवढ्या. या हाताने चालवून बघण्याला लॅबमध्ये ड्राय रन म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हाच भाग सर्वांत किमती आहे. चित्रापेक्षा किमती, पायऱ्यांच्या सुबकपणापेक्षाही किमती.

तक्ता क्रमाची चूकही पकडतो. समजा कोणी बिल मिळवण्याची ओळ आधी घेतली आणि व्याजाची नंतर. मग एप्रिलच्या पहिल्याच ओळीत व्याज 60 येतं: बिल आज छापलं आणि व्याज आजच लागलं. कोडमध्ये या दोन ओळी वरखाली झालेल्या डोळ्याला खटकत नाहीत. तक्त्यात पहिल्याच घरात शून्याच्या जागी साठ दिसतात.

पायऱ्या मराठीत का, हेही इथेच सांगतो, कारण यात भाषाभिमानाचा प्रश्न नाही. वरचा कागद खजिनदार काकांना वाचता येतो. पायथनची ओळ येत नाही. मागच्या वर्षी एका मुलाने असा कागद सोसायटीच्या ऑफिसात नेला तेव्हा मी तिथे होतो. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक कपाट, एक टेबल. काकांनी चष्मा चढवून बोट फिरवत वाचलं आणि विचारलं, "अरे, पण लोक अर्धवट पैसे भरतात. त्याचं काय लिहिलंयस?"

मुलगा म्हणाला, "काका, वजा करायचे."

"कशातून?"

मुलगा गप्प. काकाही गप्प, कारण त्यांच्या वहीत हे इतकी वर्षं अंदाजाने चाललं होतं. कोणी वाद घातला तर मुद्दलातून, नाहीतर व्याजातून.

आकड्यात बघू. 1 जूनच्या बिलानंतर मुद्दल 12,000 आणि व्याज 180 आहे. 10 जूनला सदस्य 5,000 भरतो. आधी व्याज वळतं केलं तर व्याज संपतं, उरलेले 4,820 मुद्दलातून जातात, मुद्दल राहतं 7,180. 1 जुलैला नवं व्याज 107 रुपये 70 पैसे. आधी मुद्दल वळतं केलं तर मुद्दल 7,000, जुनं 180 व्याज तसंच पडून, नवं व्याज 105. फरक पावणेतीन रुपयांच्याही आत. पण सरळ व्याजाच्या नियमात मुद्दल आधी फेडू दिलं की साठलेल्या व्याजावर पुढे काहीच लागत नाही, आणि चतुर सदस्य ते वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू शकतो. म्हणून व्यवहारात सहसा आधी व्याज वळतं करतात. तरीही हा निर्णय त्या मुलाचा नव्हता. तो कमिटीचा होता, आणि ठरावात लिहायचा होता. मुलगा थेट कोड लिहायला बसला असता तर त्याने दोहोंपैकी एक काहीतरी लिहिलं असतं, कुठलं लिहिलं हे त्याच्याही लक्षात राहिलं नसतं, आणि सोसायटीचं धोरण एका विद्यार्थ्याच्या वजाबाकीच्या चिन्हाने ठरलं असतं. काकांनी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर मुद्दा घेतला. त्यानंतर कागदावर ही भर पडली:

```
रक्कम जमा झाली की:
    जर रक्कम <= व्याज असेल तर
        व्याज = व्याज − रक्कम
    नाहीतर
        रक्कम = रक्कम − व्याज
        व्याज = 0
        मुद्दल = मुद्दल − रक्कम
```

शेवटची ओळ पुन्हा वाचा. काही सदस्य वर्षाचे पैसे एकदम भरतात. परदेशी मुलाकडे जाणारे ज्येष्ठ तर हमखास. मग मुद्दल शून्याच्या खाली जातं. उणे 30,000 मुद्दलावर दीड टक्का म्हणजे उणे 450 रुपये व्याज: प्रोग्रॅम सोसायटीच्या पैशातून सदस्याला दरमहा व्याज देऊ लागतो. वरच्या पहिल्या कागदात 'जर मुद्दल > 0' ही ओळ आहे ती याचसाठी.

आणि इथेच मला फ्लोचार्टची खरी जागा दिसते. संपूर्ण प्रोग्रॅमचा नाही, या एका प्रश्नाचा. समभुज चौकोनाच्या चौकटीत लिहायचं 'मुद्दल शून्यापेक्षा जास्त?' आणि त्यातून दोन बाण काढायचे. फ्लोचार्टचा एकच नियम मला खरोखर उपयोगी वाटतो: निर्णयाच्या चौकटीतून 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही बाण निघालेच पाहिजेत आणि दोन्ही कुठेतरी पोचले पाहिजेत. कोडमध्ये `if` लिहून `else` विसरता येतो, यंत्र हूं की चूं करत नाही. कागदावर मोकळा सुटलेला कोपरा डोळ्यांना टोचतो. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत जर्नलावरून मी एकच प्रश्न विचारतो: "हा 'नाही' कुठे जातो?" उतरवून आणलेल्या फ्लोचार्टमध्ये त्या चौकटीला बऱ्याचदा एकच बाण असतो. समोरचा मुलगा चौकटीकडे असा बघतो, जणू ती त्याने आत्ताच पहिल्यांदा पाहिली. बहुधा पाहिलेलीच नसते.

आता विरोधी बाजू. ती हलकी नाही. फ्लोचार्टवर सगळ्यात कडक टीका करणारे लोक प्रोग्रॅमिंग न येणारे नव्हते. आयबीएमची सिस्टिम/360 ही संगणकमालिका आणि तिची कार्यप्रणाली ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं, की तपशीलवार फ्लोचार्टचं महत्त्व फार फुगवलं गेलंय, अनुभवी प्रोग्रॅमर तो आधी काढत नाहीत, आणि जिथे नियमाने लागतो तिथे तो बहुतेक वेळा नंतर काढला जातो. म्हणजे आपल्या जर्नलांत चालतं तेच. दोन वर्षांनी, 1977 मध्ये, संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिले. प्रोग्रॅम लिहिणं, समजणं, चुका शोधणं, बदल करणं, यांत तपशीलवार फ्लोचार्टचा फायदा दिसतो का? त्यांना तो दिसला नाही.

हे दोन्ही मला मान्य आहे, म्हणूनच सक्तीचा फ्लोचार्ट काढून टाका असं मी सुरुवातीलाच म्हटलं. ही टीका आहे ती कोडमधली ओळन् ओळ चौकटीत भरणाऱ्या चित्रावर. `i = i + 1` असलेला चौकोन कोडपेक्षा एक अक्षरही जास्त सांगत नाही, उलट अर्धं पान खातो. स्यूडोकोडचं, म्हणजे कोडच्या धर्तीवर साध्या भाषेत लिहिलेल्या पायऱ्यांचंही तेच होतं: 'पायरी 4: आय ची किंमत एकने वाढव' हे कोडचं मराठीकरण झालं, विचार नव्हे. खजिनदार काकांना त्यातून काही कळणार नाही, आणि ज्याला कळेल त्याला त्याची गरज नाही. पायऱ्या कोडच्या शब्दांत लिहिल्या की वाया जातात. हिशोबाच्या शब्दांत लिहिल्या तरच त्यांतून 'कशातून वजा?' असा प्रश्न निघतो.

दुसरा आक्षेप तरुण मुलांचा असतो, आणि त्यात दम आहे. सर, कागदावर वेळ का घालवायचा? चालवून बघू, चुकलं तर सुधारू, सेकंदाचं काम. एके काळी हे शक्य नव्हतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये टिफ्रॅक हा संगणक चालू झाला आणि 1964 च्या सुमारास सीडीसी 3600 हा दुसरा आला, तेव्हा यंत्र एक आणि रांगेत माणसं अनेक. पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. एका स्वल्पविरामाने फेरी फुकट. तेव्हा कागदावर तपासणं हा नाइलाज होता. तो नाइलाज आता संपलाय, आणि केवळ त्या कारणासाठी कोणी आजच्या मुलाला कागदावर बसवत असेल तर मुलाचं बरोबर आहे. स्वल्पविराम यंत्राने पकडावा.

पण चालवून बघणं एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: मी जे सांगितलं ते घडलं का? नव्वद पैशांच्या बाबतीत जे सांगितलं तेच घडलं होतं. आउटपुट चूक आहे हे कळायला बरोबर आकडा किती हे आधी माहीत हवं, आणि तो आकडा त्या तीन ओळींच्या तक्त्यातून येतो. दुसरं कुठून येणार? प्रोग्रॅमने काढलेला आकडा त्याच प्रोग्रॅमवरून तपासता येत नाही. तक्ता आधी भरलेला असला तर तोच पुढे चाचणी म्हणून वापरता येतो, 120 च्या जागी 120.90 आलं की प्रोग्रॅम स्वतःच बोंब मारेल अशी व्यवस्था करता येते. मग चालवा हवं तितक्या वेळा.

कागदाला मर्यादाही आहेत, आणि त्या शिकवल्या नाहीत तर मुलं दुसऱ्या टोकाला जातात. काही कामांत आधी टाइपच करावं लागतं. बँकेकडून येणारी स्टेटमेंटची फाइल कशी आहे, सदनिका क्रमांक कुठल्या रकान्यात येतो, यूपीआयने भरणाऱ्याने शेऱ्यात काय लिहिलंय, हे फाइल उघडून दहा ओळींचा प्रोग्रॅम फिरवल्याशिवाय कळत नाही. तिथे आधीच पायऱ्या लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या घराचा नकाशा काढणं. स्क्रीनवर बटण कुठे ठेवायचं तेही करून बघूनच ठरतं. माझ्या अनुभवात कागद लागतो तो नियम असतील तिथे: व्याज, वळती, दंड, सवलत, रांगेतला क्रम, पात्रता.

शिवाय काही चुका कागदावर दिसतच नाहीत. 'मुद्दल × 1.5 ÷ 100' हे वहीत निर्मळ दिसतं. यंत्रात मात्र दशांश अपूर्णांक द्विमानात साठवताना 107.70 नेमका बसत नाही, किंचित इकडेतिकडे होतो, आणि पैशापर्यंत पूर्ण करताना शेकडो सदनिकांच्या बेरजेत ताळेबंद पैशांनी चुकू शकतो. उपाय माहितीतला आहे: रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवायची, किंवा पायथनमध्ये `decimal` वापरायचं. हे काकांना विचारून कळणार नव्हतं. पण पैसे रुपयाला पूर्ण करायचे का आणि दर महिन्याला की शेवटी, हे काकांनाच विचारायला हवं होतं. बारकाईने पाहिलं तर 'महिन्याला दीड टक्का' यातही एक निर्णय दडलाय: 10 जूनला भरणारा आणि 30 जूनला भरणारा दोघांना आपल्या पायऱ्या सारखंच वागवतात. एखाद्या सोसायटीला दिवसांवर व्याज हवं असेल तर कागद पुन्हा मांडावा लागेल, आणि मग दोन डबेही पुरणार नाहीत, प्रत्येक बिलाची मुदतीची तारीख वेगळी ठेवावी लागेल.

तर जर्नलाचं काय करायचं? फ्लोचार्टचं पान काढा. त्या जागी एक पान असं ठेवा, ज्यावर प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला, संगणक बंद असताना, तीन गोष्टी लिहायच्या आणि शिक्षकांनी तिथेच तारखेसकट सही करायची. विद्यार्थ्याच्या भाषेत पायऱ्या, मराठीत, हिंदीत, गुजरातीत, ज्यात तो घरी हिशोब करतो त्यात. हाताने भरलेला तक्ता. आणि 'मला न सुटलेले प्रश्न' असा एक रकाना, ज्यात निदान एक प्रश्न हवाच. या रकान्याला मी सर्वांत जास्त गुण देईन. 'अर्धवट पैसे आले तर कशातून वजा?' हे लिहिणाऱ्या मुलाला समस्या कळलीय. त्याचा प्रोग्रॅम त्या दिवशी चालला नाही तरी मला चालेल.

सहीची वेळ महत्त्वाची आहे. आज जर्नल सत्राच्या शेवटी एकदम तपासलं जातं, म्हणून सगळी पानं एकाच पेनने, एकाच रात्री लिहिलेली असतात. पहिल्या पंधरा मिनिटांत सही झाली तर उलटा फ्लोचार्ट काढायला वावच उरत नाही. एका सहकाऱ्याने यावर मला विचारलं, "वीस पोरांच्या बॅचमध्ये एवढं वाचणार कोण?" प्रश्न रास्त आहे, लॅब दोन तासांची, मशीन त्यातल्या चार बंद, आणि एक शिक्षक. पण पायऱ्या पूर्ण वाचायची गरज नाही. तक्त्याची तिसरी ओळ बघायची. तिथे 120 असेल तर सही, 120.90 असेल तर पान परत. एवढं दोन बाकांमधून चालता चालता होतं.